तीनाचे तीनशे साठ

विद्यापीठाच्या परीक्षेचा पेपर तपासला की मानधन मिळतं. उशिरा मिळतं, पण मिळतं. संशोधनाचा पेपर तपासला की संपादकाचा आभाराचा ई-मेल मिळतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा पेपर. गडहिंग्लजला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे काम का अंगावर घ्यावं, हे मी घरी आजवर कुणाला पटवू शकलेलो नाही. आमच्या विभागातले शिपाईमामा तर टेबलावरचे छापील कागद बघून सरळ विचारतात, ‘सर, ह्ये कुठल्या सेंटरचं गठ्ठं?’

‘परीक्षेचे नाहीत मामा. एकाने चतुरांवर लेख लिहिलाय. छापण्याजोगा आहे का ते बघायचंय.’

‘मग पास का नापास?’

‘तसं नसतं. काय चुकलंय आणि ते कसं सुधारायचं, ते लिहून द्यायचं.’

‘म्हंजे त्येचा अभ्यास तुमी करायचा,’ मामा म्हणाले आणि चहा आणायला गेले.

या व्यवहाराची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्याही नियतकालिकाच्या मार्गदर्शक सूचनांत वाचलेली नाही.

आता अडचण अशी, की तपासायला आलेला लेख गुप्त असतो. त्यातलं एक वाक्यही मला बाहेर बोलता येत नाही, मग ‘कथा’ म्हणून छापणं दूरच. तेव्हा नमुन्यादाखल एक लेख मीच रचतो. नदी आपली हिरण्यकेशी. तिच्यावर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांतले तीन घेऊ, ऐनापूर, निलजी आणि नांगनूर. लेखकाचा दावा असा, की बंधाऱ्यामुळे चतुर आणि टाचण्यांच्या जाती घटतात. त्याने प्रत्येक बंधाऱ्याच्या वर, म्हणजे तुंबलेल्या पाण्याच्या काठाने, पन्नास-पन्नास मीटरचे 10 पट्टे आखले आणि बंधाऱ्याच्या खाली, वाहत्या पाण्याशी, तसेच 10. ऑक्टोबर ते मार्च दरमहा एक फेरी. वरच्या पट्ट्यात सरासरी 5 जाती दिसल्या, खालच्या पट्ट्यात 9. शीर्षकात ‘गंभीर ऱ्हास’ आहे आणि शेवटच्या परिच्छेदात जगातल्या सगळ्या बंधाऱ्यांना समज दिलेली आहे.

लेखकाचं नाव झाकून पाठवलेलं असतं. परीक्षकाचंही लेखकाला कळत नाही. जर्मनीत किंवा जपानात ही व्यवस्था चालत असेल. इकडे नदीकाठी गळ्यात दुर्बीण अडकवून, हातात जाळं घेऊन, गुडघाभर पाण्यात उभी राहणारी माणसं मोजकी. त्यांची नावं ऊसतोडीच्या टोळ्यांनाही ठाऊक असतात. म्हणजे लेख उघडल्यावर दुसऱ्या मिनिटाला नाव कळतं आणि तिसऱ्या मिनिटाला हेही आठवतं, की या गृहस्थांनी मागच्या परिषदेत आपल्याला चहाच्या रांगेत ओळखही दाखवली नव्हती. अशा वेळी संपादकाला कळवायचं असतं: लेखक कोण असावेत याचा अंदाज आहे, सहलेखन किंवा नातं नाही, तरी योग्य वाटल्यास दुसऱ्याला द्या. चहाची रांग कळवायची नसते. पण ती मनातून जात नसेल, तर लेख परत करावा.

लेख हाती आला की पहिल्या वाचनात लिहायला बसू नये. कारण पहिल्या वाचनात माणूस परीक्षक नसतो, तो नुसता वैतागलेला असतो. शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत नाही, नकाशावर स्केल नाही, एका वाक्यात कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी. लाल पेन आपोआप चालू लागतं. तीस वर्षांची सवय आहे त्याला. मी असे अहवाल पाहिले आहेत, ज्यांत चाळीसेक आक्षेप वाचनाच्या क्रमाने ओळीने मांडलेले असतात आणि लेखाचा पायाच खचलेला आहे ही बातमी सत्ताविसाव्या क्रमांकावर, एका स्वल्पविरामाच्या आणि एका संदर्भाच्या सालाच्या मध्ये चेंगरून बसलेली असते. लेखक बिचारा स्वल्पविराम घालतो, साल दुरुस्त करतो, सत्ताविसाव्याला ‘सूचनेबद्दल आभार’ म्हणतो आणि लेख परत पाठवतो.

म्हणून अहवालाचे दोन भाग करतात, मोठे आक्षेप आणि किरकोळ सूचना. कशाला मोठं म्हणायचं, याची कसोटी आपल्याला किती राग आला ही नव्हे. या आक्षेपाचं उत्तर काय येतं त्यावर लेखाचा निष्कर्ष पालटू शकतो का, एवढंच विचारायचं. पालटू शकत असेल तर मोठा. नसेल, तर कितीही खुपो, किरकोळ. आमच्या बाजारात संकेश्वरी मिरची घेणारा व्यापारी आधी मूठ दाबून ओल किती आहे ते बघतो, कारण ओल वजनात येते आणि भाव तिच्यावर ठरतो. देठ तुटलेत का, ते तो नंतर बघतो.

त्याही आधी एक परिच्छेद लागतो, ज्यात लेख काय म्हणतो ते परीक्षकाने आपल्या शब्दांत सांगायचं. बरेच जण तो गाळतात किंवा लेखाचा सारांश उचलून तिथे चिकटवतात. तो लेखकासाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त असतो. ‘लेखकांनी तीन बंधाऱ्यांच्या वर आणि खाली सहा महिने चतुर मोजले, खाली जाती जास्त आढळल्या, याचं कारण तुंबलेलं पाणी, असं त्यांचं म्हणणं आहे.’ एवढं सरळ लिहिताना माझं मलाच ऐकू आलं: तीन बंधारे. लेखाच्या तक्त्यात मात्र नमुनासंख्या 360 आहे.

हिशेब बरोबर आहे. तीन बंधारे, प्रत्येकी वीस पट्टे, सहा फेऱ्या. तीनशे साठ. त्यावर आकडेमोड करून लेखकाने असं दाखवलं, की हा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. पण प्रश्न बंधाऱ्याच्या परिणामाचा आहे, आणि बंधारे तीनच आहेत. निलजीच्या वरचे दहा पट्टे म्हणजे दहा स्वतंत्र बंधारे नव्हेत. ते एकाच डोहाच्या काठी आहेत, त्यांच्यावर एकाच उसाच्या मळ्यातलं औषध ओघळतं, त्यांच्यात एकाच गावच्या म्हशी डुंबतात. एका घरातल्या दहा जणांची साक्ष काढून ‘दहा गावांचं मत’ म्हणता येत नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट नावाच्या परिस्थितीशास्त्रज्ञाने 1984 साली या रोगावर एक खणखणीत लेख लिहिला. 1960 नंतरचे प्रयोगांवरचे 176 अभ्यास त्याने उकलून पाहिले. त्यांतल्या 27 टक्क्यांत हा दोष निघाला, आणि ज्यांनी संख्याशास्त्राच्या कसोट्या लावल्या होत्या त्यांच्यात 48 टक्क्यांत. म्हणजे कसोटी न लावणारे वाचले! आज चाळीस वर्षांनीही कुठल्याही परीक्षकाच्या टेबलावर हा पाहुणा ठरलेला.

खरा हिशेब मांडायचा तर नाणं घ्या. बंधाऱ्याचा काही परिणाम होत नाही असं धरलं, तर एखाद्या बंधाऱ्याखाली जाती जास्त निघतील की वर, हा छापा-काट्याचा मामला. तीन नाणी उडवली तर तिन्ही एकाच बाजूला पडण्याची शक्यता आठात दोन, म्हणजे चारात एक. तिन्ही बंधाऱ्यांनी एकमुखाने साक्ष दिली तरी नुसत्या दिशेवरून यापलीकडे काही म्हणता येत नाही. कुठे हजारात एक आणि कुठे चारात एक!

हे लेखकाला सांगायचं कसं? एक पद्धत अशी: ‘लेखकांना संख्याशास्त्राची प्राथमिक माहितीही नाही.’ हे वाक्य लिहायला फार सुख वाटतं. त्यात सुधारण्याजोगं मात्र काहीच नाही. माणूस वाचून दोन दिवस जेवणार नाही आणि तिसऱ्या दिवशी तोच लेख दुसऱ्या नियतकालिकाकडे धाडेल. दुसरी पद्धत माणसापेक्षा कागदाकडे बोट दाखवते. मी असं लिहीन: ‘तक्ता 2, ओळी 210 ते 224. पट्टे आणि फेऱ्या स्वतंत्र निरीक्षणं म्हणून धरल्या आहेत, परंतु ज्याचा परिणाम तपासायचा तो घटक बंधारा आहे आणि ते तीन आहेत. त्यामुळे दिलेली खात्री प्रत्यक्षाहून खूप जास्त दिसते. कृपया प्रत्येक बंधाऱ्यातला वरचा-खालचा फरक वेगवेगळा, त्याच्या अनिश्चिततेसह द्यावा आणि निष्कर्ष या तीन बंधाऱ्यांपुरता ठेवावा.’

यात शेवटचं वाक्य महत्त्वाचं, आणि तिथेच परीक्षकाचाही कस लागतो. हल्ली अशा दुखण्यावर एक ठरलेलं औषध लिहून देतात: मिश्र प्रतिमान वापरा, बंधारा हा यादृच्छिक घटक धरा. ऐकायला भारदस्त आहे. पण बंधाऱ्या-बंधाऱ्यांत मुळात किती फरक असतो, याचा अंदाज तीन बंधाऱ्यांवरून काढायचा म्हणजे तीन जावई बघून जावयांच्या जातीबद्दल मत बनवण्यासारखंच; संगणक आकडा देईल, पण तो डळमळीत असेल. पाच-सहाच्या खाली गट असले की ही तक्रार येतेच. त्यापेक्षा तिन्ही बंधारे नावानिशी प्रतिमानात घालावेत आणि बोलणं त्यांच्यापुरतं ठेवावं. आणि ‘आणखी वीस बंधाऱ्यांवर दोन वर्षं अभ्यास करावा’ असं तर अजिबात लिहू नये. ती सूचना दिसत असली तरी असतो तो नकार. नकारच द्यायचा असेल तर तो संपादकाला स्पष्ट सांगावा. लेखकाला दोन वर्षं नदीत उभं करू नये.

दुसरा मोठा आक्षेप लेखात नव्हताच, तो परिशिष्टात होता. परीक्षक परिशिष्ट वाचत नाहीत अशी लेखकांची श्रद्धा असते आणि ती बहुधा खरी ठरते. तिथल्या तक्त्यात प्रत्येक फेरीच्या वेळा होत्या. वरचे पट्टे सकाळी आठ ते दहा. खालचे साडेदहा ते साडेबारा. सगळ्या फेऱ्यांत, तिन्ही ठिकाणी, हाच क्रम. कारण उघड आहे: एसटी सोडते ती वरच्या अंगाला, माणूस तिथून मोजत मोजत खाली येतो. आता चतुर हा प्राणी सूर्यावर चालतो. डिसेंबरच्या सकाळी आठ वाजता हिरण्यकेशीवर धुकं असतं आणि चतुर गवताच्या काडीला थिजून लटकलेले असतात. अंग तापलं की साडेदहाला तेच उठून उडायला लागतात. तेव्हा वर पाच आणि खाली नऊ हा फरक बंधाऱ्याने पाडला, उन्हाने पाडला, की एसटीच्या वेळापत्रकाने?

इथे कुठलंही प्रतिमान उपयोगाचं नाही. सगळे वरचे पट्टे सकाळचे आणि सगळे खालचे दुपारचे असले, तर जागा आणि वेळ यांची गाठ संगणकालाही सुटत नाही. काही फेऱ्या उलट्या क्रमाने झाल्या असत्या तर सुटली असती. म्हणून इथे नव्या मोजणीची मागणी रास्त आहे, पण बेताने: एखाद-दोन महिन्यांत प्रत्येक बंधाऱ्यावर एक फेरी खालून वर करावी आणि त्या आकड्यांची जुन्याशी तुलना द्यावी. जमत नसेल, तर फरकाचं कारण वेळही असू शकतं हे सारांशात लिहावं, चर्चेच्या तळाशी पुरून ठेवू नये.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती लिहिल्याशिवाय अहवाल न्याय्य झाला नसता. त्याच परिशिष्टात सप्टेंबरची एक फेरी होती, ‘प्राथमिक पाहणी’ म्हणून बाजूला ठेवलेली. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नुसते खांब. पाणी अडतं ते त्यांच्यामध्ये घातलेल्या बरग्यांमुळे. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, नदी मोकळी वाहते. पाऊस सरला की साधारण ऑक्टोबरात ते घालतात, मग डोह भरतो. म्हणजे सप्टेंबरात ‘वर’ आणि ‘खाली’ दोन्हीकडे वाहतंच पाणी होतं! हा माणूस बंधाऱ्याच्या आधीची मोजणी खिशात घेऊन फिरत होता आणि ती फेकून देण्याच्या बेतात होता. सप्टेंबरातही वर पाच आणि खाली नऊच असतील, तर दोष बंधाऱ्याचा नाही. ती जागा किंवा ती वेळच तशी. सप्टेंबरात दोन्हीकडे सारखे असतील आणि बरगे घातल्यावर अंतर पडलं असेल, तर लेखकाची बाजू एकदम वजनदार होते. ऋतू पालटल्याने चतुर कमी-जास्त होतातच, पण ते दोन्हीकडे होतील, म्हणून अंतरातला बदल बघायचा. अर्थात एकाच फेरीवर फार भार टाकता येणार नाही, आणि सप्टेंबरची सकाळ डिसेंबरइतकी थिजवणारी नसते, हेही त्यातच लिहावं. मोठ्या आक्षेपांच्या यादीत असं एखादं देणं घालता आलं तर बघावं.

जाता जाता एक प्रश्नही जोडला: फेऱ्यांच्या काळात सगळे बरगे जागेवर होते का? बरगे लोखंडी असतात आणि ते चोरीला गेल्याची ओरड कुठल्या ना कुठल्या गावातून होतच असते. गळका बंधारा मोजला तर काय मोजलं, हे वाचकाला कळायला हवं. संपादक लंडनचा असेल तर तो या वाक्यापाशी थबकेल, पण त्याला इलाज नाही.

मोठा की किरकोळ, याच्या सीमेवरचं एक प्रकरण सांगतो. ऑक्टोबरच्या मोजणीत पँटाला फ्लॅव्हेसेन्स या पिवळसर चतुराचे थवे होते. हा प्राणी हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो असं मानतात. त्याला निलजीच्या बंधाऱ्याचं काय? तो मोजणीत धरावा का, यावर मी दोनदा मत बदललं. मग कसोटी लावली. लेखक जातींची संख्या मोजतो, चतुरांची नव्हे. थवा हजारांचा असला तरी जात एकच. ती वगळल्याने नऊचे फार तर आठ होतील. सूचना किरकोळ सदरात गेली: ‘ही जात वगळून एकदा गणित करून पाहावं.’ लेखाचा दावा चतुरांच्या संख्येवर असता तर हाच आक्षेप वर चढला असता.

बाकी किरकोळ भरपूर होतं आणि ते ओळींच्या क्रमाने, एका-एका वाक्यात लिहून टाकलं. नकाशाला स्केल नाही. दोन जातींची नावं जुनी. ‘जगात प्रथमच’ हे शब्द काढावेत. इंग्रजीबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. ‘हस्तलिखित इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे’ हे वाक्य गडहिंग्लजच्या माणसाने शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला परदेशी संपादकामार्फत कळवायचं, यात जी गंमत आहे ती आम्हां दोघांनाही कळणार नाही इतके आम्ही मग्न असतो. जे वाक्य खरोखर समजलं नाही, त्याचा ओळ क्रमांक द्यावा. आणि स्वतःचे पाच लेख ‘उपयुक्त संदर्भ’ म्हणून सुचवण्याची खाज आली, तर चहा प्यावा.

शेवटी एक चौकट असते, फक्त संपादकाने वाचायची. ती पाहिली की भल्याभल्यांना कंठ फुटतो. वर लेखकाला ‘अभ्यास स्तुत्य आहे’ आणि खाली संपादकाला ‘टाकाऊ’. मग संपादक लेख नाकारतो, आणि स्तुती वाचून बसलेल्या लेखकाला काहीच उमगत नाही. शिफारस सोडली तर त्या चौकटीत मी दोनच गोष्टी लिहितो: लेखकाविषयीचा अंदाज, आणि कुठला भाग तपासण्याइतकं मला कळत नाही ते. छापावं की नाही ही शिफारस मात्र तिथेच. लेखकाच्या प्रतीत नाही, कारण ठरवतो संपादक.

नाव झाकण्याच्या बाबतीत एक थोर उदाहरण आहे. 1936 साली आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे लेख पाठवला: गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे दिला. आइन्स्टाइन भडकले, आपण लेख छापायला पाठवला होता, कुणा तज्ज्ञाला दाखवायला नव्हे, असं कळवून त्यांनी तो परत घेतला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन, प्रिन्स्टनचेच, म्हणजे आइन्स्टाइनच्याच गावचे. त्यांनी चूक दाखवून वर वाटही सुचवली होती. पुढे त्यांनी आइन्स्टाइनच्या सहायकाला, इन्फेल्डला, गप्पांच्या ओघात तीच चूक समजावली. आपणच परीक्षक होतो हे न बोलता! लेख दुसरीकडे छापून आला तेव्हा त्यातला निष्कर्ष पालटलेला होता. प्रिन्स्टनला जमलं, गडहिंग्लजला जमायला हरकत नसावी.

काही महिन्यांनी सुधारित लेख येतो, सोबत आक्षेपवार उत्तरं. प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘परीक्षकांच्या मौलिक सूचनेबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत’ अशी. यातलं दातओठ खाणं कागदावरून ऐकू येतं. पण काम झालेलं असतं. आमच्या नमुन्यातले गृहस्थ खालून वर चालून आले. अंतर चार जातींवरून दोनावर आलं. सप्टेंबरचा तक्ता मुख्य लेखात आला. शीर्षकातला ‘गंभीर ऱ्हास’ गेला, त्या जागी तीन बंधाऱ्यांची नावं आली. एका बंधाऱ्याचे चार बरगे डिसेंबरपासून गायब होते, हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. किरकोळ सूचना क्रमांक 14 ला उत्तर होतं, ‘नकाशाला स्केल घातले आहे’. घातलं होतं खरं. पण किलोमीटरच्या जागी मीटर पडलं होतं. त्या हिशेबाने ऐनापूरपासून नांगनूरपर्यंतची अख्खी हिरण्यकेशी तुळशीवृंदावनासकट माझ्या अंगणात मावते. दुसऱ्या फेरीच्या अहवालात मी ते नोंदवलं, किरकोळ सदरात.